ठळक आकडे, ठणकणारं अंग

सांगलीकडच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या ४३ वर्षांच्या शिक्षिकेचं हे दुखणं दोन वर्षांचं आहे. सुरुवात मानेपासून झाली. मग खांदे, दंड, कंबर, पोटऱ्या असं करत ते सगळ्या अंगभर पसरलं. सकाळी उठल्यावर रात्रभर कुणी बुकलून काढल्यासारखं वाटतं. फळ्यावर चार उदाहरणं लिहिली की हात भरून येतो. नात्यातल्या लहान मुलानं लाडानं दंड दाबला तरी कळ मस्तकात जाते. सात तास झोपूनही झोप झाली असं वाटत नाही आणि हल्ली ‘वर्गमूळ’सारखा रोजचा शब्दही ऐन वेळी ओठांवर येत नाही.

ही शिक्षिका म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. संधिवाततज्ज्ञांकडे रोज येणाऱ्या अनेकींची मिळून ही एक प्रातिनिधिक रुग्ण उभी केली आहे. तिच्या फाइलीतले आकडेही अशा फाइलींमध्ये नेहमी सापडतात तसेच आहेत. तिची फाइल जाडजूड आहे आणि त्यातल्या पाच ओळी प्रयोगशाळेनं ठळक छापल्या आहेत : टीएसएच ६.८, ड जीवनसत्त्व १३, हिमोग्लोबिन १०.४, ईएसआर ३४ आणि एएनए ‘१:८० ला पॉझिटिव्ह’. प्रत्येक ठळक ओळीनं तिला एकेक निदान दिलं. एकानं थायरॉइड सांगितलं, दुसऱ्यानं ‘ड’ची कमतरता, तिसऱ्यानं रक्त कमी असल्याचं. शेवटची ओळ इंटरनेटवर शोधल्यावर तिला ल्युपस नावाच्या आजाराची धास्ती बसली.

“डॉक्टर, एवढं सगळं बिघडलंय, मग नेमकं कशानं दुखतंय?” हा तिचा प्रश्न. तो अगदी रास्त आहे. रक्तात काहीतरी कमी-जास्त असणं आणि त्यामुळेच अंग दुखत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींपासून सोडवायच्या कशा, यातच फायब्रोमायल्जियाच्या निदानातलं सगळं कसब आहे.

थायरॉइडपासून सुरुवात करू, कारण बहुतेक डॉक्टर तिथूनच करतात आणि ते बरोबरही आहे. थायरॉइडचं संप्रेरक खरोखर कमी पडलं की स्नायू दुखतात, पोटऱ्यांत गोळे येतात, अंग जड होतं, माणूस दिवसभर पेंगतो. हे वर्णन फायब्रोमायल्जियाशी इतकं जुळतं की तपासणीशिवाय फरक सांगणं धोक्याचं ठरेल. पण थायरॉइड एकटं येत नाही. त्याच्याबरोबर बद्धकोष्ठ, खरखरीत कातडी, बसका आवाज, वाढतं वजन आणि इतरांना उकडत असताना आपल्याला थंडी वाजणं अशी मंडळी येतात. टाचेमागच्या जाड शिरेवर रबरी हातोडीनं ठोका दिला की निरोगी माणसाचं पाऊल झटकन हलतं आणि तितक्याच झटकन जागेवर येतं. थायरॉइड चांगलंच कमी असेल, तर ते रेंगाळत, सावकाश परत येतं. दहा सेकंदांची ही तपासणी, पण एकदा पाहिलेला डॉक्टर ती विसरत नाही. अशा रुग्णाच्या रक्तात स्नायूंमधून पाझरणारं सीपीके हे द्रव्यही बऱ्याचदा वाढलेलं सापडतं. फायब्रोमायल्जियात ते वाढत नाही.

शिक्षिकेचं टीएसएच ६.८ होतं. नेहमीची वरची मर्यादा साधारण साडेचार-पाचच्या आसपास असते, म्हणून ती ओळ ठळक झाली. पण खरं संप्रेरक, म्हणजे फ्री टी-४, तिच्यात पुरेसं होतं. पाऊल झटकन परतत होतं, सीपीके नॉर्मल होतं. मेंदूतली ग्रंथी थायरॉइडला जरा जोरात हाक मारते आहे, आणि थायरॉइड ती ऐकून काम भागवते आहे, एवढाच या आकड्याचा अर्थ. टीएसएच दहाच्या आत आणि टी-४ पुरेसं असताना सगळ्या अंगाच्या ठणक्याचं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात, कारण बऱ्याच जणांत हा आकडा आपोआप खाली येतो. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत थायरॉइडचे आकडे चुकवतात. गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगावं.

शिक्षिकेला मात्र गोळी आधीच सुरू झाली होती. तीन महिन्यांनी टीएसएच २.४ झालं. ठणका होता तसाच राहिला. खरं पाहता त्या तीन महिन्यांनी एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, पण ते कुणी तिला समजावून सांगितलं नाही. आकडा सुधारला आणि दुखणं हललं नाही, तर त्या आकड्याचा त्या दुखण्याशी फारसा संबंध नव्हता.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिच्यात चुका दोन्ही बाजूंनी होतात. आपल्याकडे इतकं ऊन असूनही ‘ड’ कमी असणारी माणसं घरोघरी सापडतात. शंभर निरोगी, काहीही न दुखणाऱ्या माणसांचं रक्त तपासलं, तरी बऱ्याच जणांच्या रिपोर्टवर ही ओळ ठळकच येईल. त्यामुळे १३ हा आकडा पाहून दुखण्याचं कारण सापडलं असं मानणं घाईचं आहे.

पण ‘ड’ फारच खाली, दहाच्याही आत, आणि बराच काळ राहिलं की हाडं मऊ पडू लागतात. हाडांवर कॅल्शियम नीट बसत नाही. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. अशा बाईला सगळं अंग दुखतं, थकवा असतो आणि दाबलं की कळ येते. तीन महिने ‘फायब्रो’ म्हणून गोळ्या घेत बसलेली ती सापडते, ही निदानातली फार वाईट चूक आहे, कारण हा आजार स्वस्तात आणि पूर्ण बरा होणारा आहे. दोघींत फरक ओळखायला आपली भारतीय बैठक कामाला येते. डॉक्टर तिला जमिनीवर बसायला सांगतात आणि मग हात न टेकता उठायला. हाडं मऊ झालेली बाई गुडघ्यांवर, मांड्यांवर हात रोवत स्वतःला वर ढकलते. बसची पायरी चढताना तिला दांडा ओढावा लागतो, चालताना ती बदकासारखी डुलते. तिच्या मांड्यांत आणि कमरेत खरी ताकद उरलेली नसते. तिला दाबल्यावर दुखतं ते हाडावर : नडगीच्या पुढच्या कडेवर, बरगड्यांवर, छातीच्या मधल्या हाडावर. फायब्रोमायल्जियाच्या बाईला उठताना दुखतं, ती कण्हते, पण उठते. तिची ताकद शाबूत असते.

रक्तात याचा पुरावा अल्कलाइन फॉस्फेटेज या तपासणीत मिळतो. हाडं मऊ पडत असतील तर ती वाढलेली असते, फॉस्फरस किंवा कॅल्शियम खाली असतं आणि पॅराथायरॉइडचं संप्रेरक वर चढलेलं असतं. या तपासण्या महागड्या नाहीत, तरी ‘ड’ची तपासणी करून थेट सॅशे लिहून दिले जातात आणि याच राहून जातात. शिक्षिकेच्या बाबतीत त्या शेवटी केल्या. चारही नॉर्मल निघाल्या आणि जमिनीवरून ती हात न टेकता उठली. आठवड्याला एक असे ६० हजार युनिटांचे सॅशे तिने आठ आठवडे घेतले. ‘ड’ १३ वरून ३४ वर गेलं. ही कमतरता भरून काढायलाच हवी होती, त्यात वाया काहीच गेलं नाही. पण दुखणं तिथेच होतं. आणि इथून पुढे ‘अजून जोर लावून पाहू’ म्हणून हेच सॅशे रोज घेतले तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ आणि पुढे मूत्रपिंडांना इजा होते. आठवड्याचा सॅशे चुकून रोज घेणारे रुग्ण आपल्याकडे खरोखर असतात.

बी-१२ बद्दल थोडक्यात. शुद्ध शाकाहारी माणसांत आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या मधुमेहींमध्ये ते कमी सापडतं. त्याची भाषा ठणक्याची नसते. ती मुंग्यांची, तळपायांच्या आगीची, अंधारात तोल जाण्याची, जिभेच्या सोलवटण्याची असते. मुंग्या आणि बधिरपणा असेल तर ते वेळेवर पाहायलाच हवं, कारण नसांचं नुकसान उशीर केल्यास पूर्ण भरून येत नाही.

आता उरली सूज. सर्वसामान्य माणसाला सगळ्यात जास्त भीती याचीच असते, ‘मला वाताचा आजार तर नाही ना?’

“बोटं सुजतात डॉक्टर, सकाळी अंगठी निघत नाही,” असं शिक्षिकेनंही सांगितलं होतं. फायब्रोमायल्जियात सुजल्यासारखं वाटतं, सकाळी अंग आखडतंही. म्हणून ऐकून भागत नाही, हातात हात घेऊन पाहावं लागतं. आमवातात सांध्याभोवतीचं अस्तर फुगतं. बोटाच्या मधल्या पेरावर दोन अंगठ्यांनी हळूच दाबलं की ओल्या स्पंजसारखं लागतं आणि पेरांच्या मधल्या घळी बुजलेल्या दिसतात. सकाळचा आखड तास-तासभर टिकतो, गरम पाण्यात हात घातले आणि वावरायला लागलं की सुटत जातो. मूठ वळत नाही. कळ नेमकी सांध्याच्या रेषेवर येते. शिक्षिकेची मूठ पूर्ण वळत होती, घळी स्पष्ट होत्या. मुख्य म्हणजे बोटांच्या सांध्यांवर जेवढं दुखत होतं, तेवढंच मनगट आणि कोपर यांच्या मधल्या मांसावर दाबल्यावरही दुखत होतं. जिथे सांधाच नाही तिथेही सारखीच कळ येत असेल, तर दोष सांध्याचा नाही.

मग तिचा ईएसआर ३४ कशामुळे? तांबड्या पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात, एवढंच ईएसआर मोजतो. अंगात रक्त कमी असलं की त्या एरवीपेक्षा लवकर बसतात आणि सूज नसतानाही आकडा वाढतो. शिक्षिकेचं हिमोग्लोबिन १०.४ होतं, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ९ होतं आणि पाळीत अंगावरून जास्त जात होतं. सूज असताना खरोखर चढणारं सीआरपी मात्र नॉर्मल होतं. ईएसआरचं कोडं तिथेच सुटलं. तिला लोहाच्या गोळ्या लागणार होत्या आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणंही. लोहाच्या कमतरतेनं थकवा येतो, त्यामुळे त्या गोळ्यांनी थोडा दम वाढेल, हेही तिला सांगितलं गेलं.

एएनएच्या ओळीनं तिची झोप सगळ्यात जास्त उडवली होती. ल्युपस आणि तत्सम आजारांत ही तपासणी पॉझिटिव्ह येते, हे खरं. पण १९९७ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचं रक्त तपासलं, तेव्हा १:८० या पातळीवर त्यांच्यातले सुमारे १३ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे साठ निरोगी माणसांच्या बसमध्ये सात-आठ जण. गालांवर पुरळ, उन्हात त्रास, तोंडात व्रण, केसांची गळती, लघवीतून प्रथिनं जाणं, पांढऱ्या पेशी कमी होणं यांतलं काही नसताना या ओळीला स्वतःचा अर्थ नसतो. अंगदुखीच्या प्रत्येक रुग्णाची एएनए आणि आमवाताची तपासणी सरसकट करणं हे, आमच्या मते, रुग्णाचे पैसे आणि मनःशांती दोन्ही घालवणं आहे. या तपासण्या सांधे हाताळून शंका आल्यावर करायच्या असतात.

एवढी छाननी झाल्यावर ‘काहीच सापडलं नाही, म्हणून फायब्रोमायल्जिया’ असं मात्र डॉक्टर म्हणत नाहीत, म्हणू नये. या आजाराची स्वतःची ओळख आहे. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं ती दुखऱ्या बिंदूंवरून ठरवली होती. मानेमागे, खांद्यावर, छातीच्या दुसऱ्या बरगडीपाशी, कोपराखाली, नितंबावर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला अशा ठरावीक १८ जागा. डॉक्टरांनी आपल्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतक्या जोरानं, साधारण चार किलोच्या दाबानं दाबायचं आणि ११ जागी दुखलं तर निदान पक्कं. पद्धत सुटसुटीत होती, पण प्रत्येक अंगठ्याचा जोर वेगळा, आणि बहुतेक डॉक्टर त्या जागा नीट दाबतच नसत. शिवाय थकवा, झोप, विसराळूपणा यांना त्यात जागाच नव्हती. २०१० मध्ये निकष बदलले, २०१६ मध्ये त्यांत आणखी सुधारणा झाली आणि बिंदू मोजण्याची अट गेली.

आता दोन बेरजा करतात. शरीराचे १९ भाग पाडले आहेत आणि गेल्या आठवड्यात त्यांतले किती दुखले ते मोजतात. शिक्षिकेची मान, पाठ, कंबर, दोन्ही खांदे, दोन्ही दंड, दोन्ही नितंब आणि दोन्ही पोटऱ्या मिळून ११ झाले. दुसरी बेरीज १२ पैकी. थकवा, न भागणारी झोप आणि डोक्यातलं धुकं यांना त्रासानुसार प्रत्येकी शून्य ते तीन, शिवाय डोकेदुखी, ओटीपोटातल्या कळा आणि उदासी यांना प्रत्येकी एक. तिला थकव्याचे ३, झोपेचे ३, विसरण्याचे २, डोकेदुखीचा १ आणि पोटाचा १ असे १० मिळाले. पहिली बेरीज ७ किंवा जास्त, दुसरी ५ किंवा जास्त, दुखणं शरीराच्या उजव्या-डाव्या, वर-खालच्या आणि मधल्या अशा पाचपैकी किमान चार विभागांत, आणि हे सगळं तीन महिन्यांहून अधिक काळ. तिचं निदान पूर्ण झालं.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि सात महिने रात्री दर दोन तासांनी ती उठत होती, हे तिनं त्या दिवशी प्रथमच कुणाला तरी सांगितलं. त्याआधी तिला कुणी झोपेबद्दल विचारलंच नव्हतं. कॅनडातल्या टोरांटोमध्ये १९७५ साली संशोधकांनी निरोगी तरुणांना गाढ झोप लागू लागली की आवाज करून ती मोडण्याचा प्रयोग केला होता. काही रात्रींतच त्यांची अंगं दुखू लागली आणि दाबल्यावर ती हुळहुळी झाली. अमेरिकेत २००२ मध्ये झालेल्या दुसऱ्या प्रयोगात रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देत मेंदूची चित्रं घेतली गेली. निरोगी माणसाला ज्या दुखण्यासाठी चांगलाच दाब लागला, तेवढंच दुखणं आणि मेंदूच्या त्याच भागांतली हालचाल रुग्णांमध्ये बऱ्याच कमी दाबाला दिसली. स्नायू आणि हाडं धड असतात. त्यांच्याकडून येणाऱ्या निरोपाचा आवाज मेंदूत आणि मज्जारज्जूत वाढवून ऐकला जातो. म्हणून साधा एक्स-रे, रक्त, एमआरआय यांत ते दिसत नाही. ‘तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचं आहे,’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. ते ऐकून घरी आलेल्या बाईला घरातही कुणी मग काही विचारत नाही.

अशी अंगं दुखणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. त्यात सुमारे १८ टक्के लोकांनी सांधे-स्नायू दुखत असल्याचं सांगितलं, पण आमवाताचे रुग्ण जेमतेम अर्धा टक्का निघाले.

शिक्षिकेचे उपचार साधे होते. झोप गाढ व्हावी म्हणून रात्री अमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची छोटी गोळी, रोज दहा मिनिटं चालणं आणि दर आठवड्याला त्यात दोन मिनिटांची भर. पहिल्याच दिवशी तासभर चालून चार दिवस अंथरूण धरणारे रुग्ण पुष्कळ असतात, म्हणून ही सावकाशी. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या, कारण उतरवायला सूजच नव्हती. स्टेरॉइडला इथे काम नाही, आणि ‘वातावरच्या’ बेनाव पुड्यांमध्ये तेच मिसळलेलं असू शकतं, हेही तिला बजावलं. चार महिन्यांनी ती पूर्ण बरी झाली नव्हती. पण दुसरी बेरीज १० वरून ६ वर आली होती आणि सलग तीन तास ती फळ्यासमोर उभी राहू शकत होती.

फायब्रोमायल्जिया असलेल्या माणसाला पुढे आमवात, थायरॉइड किंवा दुसरं काहीही होऊ शकतं, आणि आमवाताच्या रुग्णालाही फायब्रोमायल्जिया होतो. म्हणून निदानाचा हा कागद मिळाला तरी पुढचं लक्षात ठेवा. एखादा सांधा खरोखर सुजला, ताप राहू लागला, वजन घटलं, जमिनीवरून उठताना ताकदच लागेना, तर जुनं निदान बाजूला ठेवून नव्यानं तपासून घ्या. आणि वय पन्नाशीच्या पुढे असताना खांदे-मांड्यांचा ठणका अचानक सुरू झाला, सोबत कानशिलात दुखू लागलं, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्या आजारात डोक्याच्या रक्तवाहिन्या सुजतात आणि उशीर झाल्यास गेलेली दृष्टी परत येत नाही.